१०⁻²¹ ची स्लाइड आणि तांब्याभर पाणी

प्रश्न: आमच्या विज्ञान मंडळात नववी-दहावीच्या मुलांसमोर गुरुत्वीय लहरींवर बोलायचं आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी केलेलं ३० स्लाइडचं सादरीकरण हाताशी आहे. बाकीचं जमेल, पण स्ट्रेन, इंटरफेरोमीटर आणि मॅच्ड फिल्टरिंग या तीन स्लाइड मुलांच्या डोक्यावरून जाणार. त्या रोजच्या उदाहरणांत कशा बदलू, म्हणजे मुलांना कळेल आणि विज्ञानही चुकणार नाही?

उत्तर:

उदाहरण शोधायला बसण्याआधी प्रत्येक स्लाइडखाली एक वाक्य लिहा: या स्लाइडमधून मुलांच्या लक्षात कोणता संबंध राहायला हवा? वस्तू किंवा यंत्र नव्हे, संबंध. ‘लायगोचा इंटरफेरोमीटर’ हे वाक्य नाही, ते या लहरी पकडणाऱ्या यंत्राचं नाव आहे. ‘दोन वाटांमधला फरक मोजायचा असेल तर वाटांची लांबी माहीत असावी लागत नाही’ हे वाक्य आहे. उपमा जुळवायची ती या वाक्याशी, स्लाइडवरच्या चित्राशी नाही. बहुतेक उपमा फसतात त्या इथेच: चित्रासारखी दिसणारी घरगुती वस्तू सापडते, पण आतला संबंध वेगळाच असतो.

पहिली स्लाइड स्ट्रेनची, म्हणजे गुरुत्वीय लहर जाताना लांबी मूळ लांबीच्या कितव्या भागाने बदलते त्याची. तुमच्याकडे बहुधा असं काहीतरी असेल: `h = ΔL/L ≈ 10⁻²¹`, खाली ‘भुजेची लांबी ४ किलोमीटर, बदल ४ × १०⁻¹⁸ मीटर’. सोपं करताना सहसा ‘प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका बदल’ असं लिहितात. ते खरं आहे, पण मुलाने प्रोटॉन कधी हातात धरलेला नाही, त्यामुळे न समजलेल्या आकड्याच्या जागी न समजलेली वस्तू येते इतकंच. दुसरा नेहमीचा पर्याय म्हणजे ‘सूर्य-पृथ्वी अंतरात एका अणूएवढा बदल’. हिशेब तोही बरोबर आहे, पण त्यात अणू आणि १५ कोटी किलोमीटर ही दोन्ही टोकं हाताबाहेरची. मोजमापाच्या उपमेचं निदान एक टोक तरी मुलाने रोज हाताळलेलं असावं.

हे करून बघा. पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांचं पाणी सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर आहे. एका घनकिलोमीटरमध्ये एक लाख कोटी लिटर मावतात, म्हणजे एकूण साधारण १.३ × १०²¹ लिटर. त्याचा १०⁻²¹ भाग म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, एक मोठा तांब्या. सगळ्या महासागरांत तांब्याभर पाणी ओतलं, आणि कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहून सांगितलं, ‘हो, आत्ता ओतलंत.’ लायगो हे करतं.

या उपमेत आणखी एक गोष्ट जुळते आणि तिच्यामुळे ती इतरांपेक्षा मला फार मोलाची वाटते. महासागरांची सरासरी खोली आहे सुमारे ३.७ किलोमीटर आणि लायगोची भुजा आहे ४ किलोमीटर. त्यामुळे नुसतं गुणोत्तर नव्हे, प्रत्यक्ष बदलही जवळजवळ सारखाच निघतो. सव्वा लिटर पाणी ३६ कोटी चौरस किलोमीटरवर पसरलं तर पातळी सुमारे ३.५ × १०⁻¹⁸ मीटरने वाढेल. भुजेतला बदल ४ × १०⁻¹⁸ मीटर. फळ्यावर हा भागाकार मुलांकडूनच करून घ्या. दहावीच्या मुलाला घातांकांचे नियम येतात आणि स्वतः काढलेलं उत्तर त्याला पटतं.

या ठिकाणी ‘समुद्रात एक थेंब’ असं सहज तोंडातून निघून जातं. तसं म्हणू नका. थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे तुम्ही पंचवीस हजार पटींनी चुकलात. ऐकायला थेंब जास्त काव्यमय आहे, पण मुलांमधला एखादा घरी जाऊन हिशेब करतोच, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता ही उपमा कुठे तुटते ते त्याच स्लाइडवर, खालच्या ओळीत, पण वाचता येईल अशा अक्षरांत लिहा. पाणी रेणूंचं बनलेलं आहे आणि ही वाढ एका रेणूच्या आकाराच्या कोट्यवधी पटींनी लहान आहे. म्हणजे समुद्रावर पाण्याचा नवा थर येत नाही. वाढते ती सरासरी. ही ओळ वाचून चौकस मुलगी विचारणारच: ‘मग लायगोचा आरसासुद्धा अणूंचाच ना? अणू तर हलत असतात. मग त्याहून लहान बदल कसा दिसतो?’ हा प्रश्न आला की समजा, उपमेने काम केलं. उत्तरही त्याच समुद्रात आहे. समुद्रावर मीटर-मीटर उंचीच्या लाटा असतात, तरी पातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते हे आपण मोजतो, कारण एका लाटेकडे न बघता खूप मोठ्या पृष्ठाची सरासरी घेतो. लायगोचा आरसा ४० किलोचा, आणि त्यावर पडणारा प्रकाशाचा झोत कित्येक सेंटिमीटर रुंद. तो एका वेळी अगणित अणूंना मिळून ‘बघतो’ आणि त्यांची वेडीवाकडी थरथर एकमेकींत बरीचशी मिटून जाते.

मूळ सूत्र काढून टाकू नका. ते कोपऱ्यात लहान अक्षरांत राहू द्या आणि `L` खाली ‘समुद्राची खोली’, `ΔL` खाली ‘पातळीतली वाढ’ असं लिहा. उपमा सूत्राच्या जागी आली तर मुलाकडे फक्त गोष्ट उरते. सूत्राला चिकटलेली राहिली तर पुढे कधी ते सूत्र पुस्तकात दिसल्यावर त्याला ओळखीचं वाटतं.

दुसरी, इंटरफेरोमीटरची स्लाइड मुळात एक नाहीच. तिच्यात दोन प्रश्न कोंबलेले असतात: दोन भुजा कशाला, आणि त्यांतला फरक दिसतो कसा? मुलांची दमछाक होते ती या गर्दीमुळे. तिच्या दोन स्लाइड करा आणि प्रत्येकीला वेगळी उपमा द्या.

दोन भुजांसाठी सोनाराचा जुना तराजू घ्या, काचेच्या पेटीतला. दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की काटा मधोमध. वजन किती आहे याची काट्याला पर्वा नसते, तो फक्त फरक दाखवतो. लेझरचा प्रकाश थोडा कमी-जास्त झाला तर तो दोन्ही भुजांत सारखाच होतो, म्हणून काटा जवळजवळ हलत नाही. पेटी काचेची का, तर श्वासाच्या वाऱ्यानेही पारडं हलतं म्हणून. लायगोच्या नळ्यांतून हवा काढून टाकलेली असते ती यासाठीच. आणि गुरुत्वीय लहर आली की एक भुजा लांबते तेव्हा दुसरी आखूड होते, म्हणजे एका पारड्यात टाकलं आणि दुसऱ्यातून काढलं. एक लांबताना दुसरी आखूड का, हे कणकेच्या गोळ्याने दाखवा. दोन तळव्यांत दाबला की तो आडवा दबतो आणि उभा वाढतो. मग तळवे फिरवून वरून-खालून दाबा. आडवा-उभा, आडवा-उभा असा तो बदलत राहतो. इथे तुटते ते असं: कणीक तळवे दाबतात, लहरीत दाबणारं कुणी नसतं, अंतरच बदलतं. हे स्पष्ट म्हणा.

फरक दिसतो कसा, यासाठी ‘दोन मुलं पळत जाऊन भिंतीला हात लावून परत येतात, कोण उशिरा येतं ते बघा’ अशी उपमा सर्रास देतात. तिच्यात एक खोट आहे. तिच्यामुळे वाटतं की लायगोमध्ये कुणीतरी घड्याळ घेऊन वेळ मोजतं. तिथे घड्याळ नाही, तिथे दोन भुजांतून परत आलेल्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींना पुसून टाकतात, आणि हे पुसणं पळापळीच्या उपमेत कुठेच येत नाही.

त्याऐवजी झोका. झोक्याच्या पुढे एक जण, मागे एक जण. दोघांचा जोर सारखा, दोघं झोक्याच्या तालावर ढकलतात. एकाच क्षणी दोन्ही बाजूंनी ढकललं तर झोका जागचा हलत नाही. लायगोतून प्रकाश ज्या दाराने बाहेर पडतो, तिथला हा अंधार. आता एक जण अर्धा झोका उशिरा ढकलू लागला, तर प्रत्येक धक्का दुसऱ्याच्या धक्क्याला साथ देतो आणि झोका चढत जातो. हा भरपूर उजेड. किंचित उशीर झाला तर झोका किंचित हलतो, म्हणजे थोडासा उजेड. बघायचं ते एवढंच की स्थिर असायला हवा तो झोका हलला का. वेळ कुणी मोजलीच नाही.

उपमा खरी जुळली का, हे तपासायला तिच्यातून एक भाकीत करून घ्या. मुलांना विचारा, ‘एक जण बरोबर एक पूर्ण झोका उशिरा ढकलू लागला तर?’ थोडा वेळ द्या. पहिला एकटा धक्का जिरला की झोका पुन्हा स्थिर, कारण धक्के परत एकाच क्षणी पडू लागतात. प्रकाशातही नेमकं हेच होतं. लायगोच्या लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. एका वाटेने आलेला प्रकाश बरोबर तेवढा मागे पडला, तर पुन्हा अंधार. पळणाऱ्या मुलांच्या उपमेतून हे उत्तर कधीच निघालं नसतं. चांगली उपमा तुम्ही तिच्यात न घातलेल्या प्रश्नाचंही बरोबर उत्तर देते, आणि कोणती ठेवायची, कोणती टाकायची हे मी याच कसोटीने ठरवतो.

झोक्याची तुटण्याची ओळ: प्रत्यक्षात लायगो पूर्ण अंधारात ठेवत नाहीत, अगदी किंचित उजेड मुद्दाम ठेवतात, म्हणजे बदल कोणत्या दिशेने झाला तेही कळतं. शिवाय प्रकाश भुजेत एकदाच जाऊन येत नाही, आरशांमध्ये सुमारे ३०० वेळा फिरतो आणि ४ किलोमीटरच्या भुजेचं काम १२०० किलोमीटरसारखं होतं. हे झोक्यात बसवण्याचा हट्ट धरू नका, साध्या वाक्यात सांगा. एका उपमेला सगळं वाहायला लावलं की ती मोडते.

या स्लाइडनंतर एक प्रश्न हमखास येतो आणि त्याची तयारी ठेवाच: ‘अंतर ताणलं जातं तर त्यातला प्रकाशही ताणला जाईल ना? मग फरक कळेल कसा?’ प्रश्न अगदी रास्त आहे, त्याला ‘ते पुढे शिकाल’ म्हणू नका. इलॅस्टिकची पट्टी घ्या आणि तिच्यावर मुंग्यांची रांग चालली आहे असं म्हणा. पट्टी ताणली की तिच्यावरच्या मुंग्यांमधलं अंतर वाढतं, हे बरोबर. पण मुंग्या येतच राहतात, आणि नव्याने चढणारी मुंगी त्याच वेगाने, त्याच तालावर निघते. तिला आता जास्त लांब पट्टी पार करायची आहे, म्हणून ती उशिरा पोहोचते. लायगोत प्रकाशाला भुजेची एक फेरी मारायला सुमारे २७ मायक्रोसेकंद लागतात, तर पहिल्यांदा पकडलेल्या लहरीचं एक आवर्तन सुरुवातीला जवळजवळ ३० मिलिसेकंदांचं, म्हणजे हजार पटींनी संथ होतं. पट्टी सावकाश ताणली जाते आणि तेवढ्यात नव्या मुंग्यांच्या झुंडी पार होऊन जातात.

तिसरी, मॅच्ड फिल्टरिंगची, म्हणजे गोंगाटात ओळखीचा आकार शोधण्याची स्लाइड. तिच्यावर इंटिग्रल असेल, ते या मुलांसाठी काढून टाका. इथे सूत्र ठेवण्यात अर्थ नाही. बरेच जण ‘एसटी स्टँडच्या गोंगाटात आपल्या गावाचं नाव बरोबर ऐकू येतं’ अशी उपमा देतात. सुरुवातीला एक वाक्य म्हणून ती चालेल, पण तिच्यात कान आणि मेंदू हे काम आपोआप करतात, पद्धत दिसत नाही. इथे उपमेपेक्षा करून बघणं सोपं आहे. एका लांब कागदी पट्टीवर वेडीवाकडी रेघ छापा आणि तिच्यात एके ठिकाणी ओळखीचा आकार मिसळा: हळूहळू दाट आणि उंच होत जाणाऱ्या लाटा, शेवटी एकदम शांत. तोच आकार ट्रेसिंग पेपरवर काढा. मुलांनी ट्रेसिंग पेपर पट्टीवर सरकवत न्यायचा आणि शिखरावर शिखर, खळगीवर खळगी किती ठिकाणी बसते ते मोजायचं. एका जागी ही संख्या एकदम वाढते. संगणक हेच करतो, फक्त प्रत्येक बिंदूपाशी गुणाकार करून बेरीज घेतो.

पट्टी छापताना काळजी घ्या ती अशी. मिसळलेला आकार गोंगाटाच्या साधारण निम्म्या उंचीचा ठेवा. त्याहून मोठा असला तर तो नुसत्या डोळ्यांनीच दिसतो आणि ट्रेसिंग पेपरची गरजच उरत नाही. फार लहान असला तर मुलं कुठेही ‘सापडलं’ म्हणतात. आणि एक पट्टी अशी ठेवा जिच्यात आकार घातलेलाच नाही. खोटा शोध कसा लागतो हे त्याच पट्टीवर कळतं.

ट्रेसिंग पेपर एकच नसतो, हेही सांगा. पहिल्या शोधाच्या विश्लेषणात सुमारे अडीच लाख वेगवेगळे नमुने सरकवून पाहिले होते, कारण लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीतून येते आणि ती कृष्णविवरं किती जड आहेत हे आधी माहीत नसतं. आणि तुटण्याची ओळ: १४ सप्टेंबर २०१५ ची ती पहिली लहर सर्वात आधी लक्षात आली ती ट्रेसिंग पेपरशिवाय, कोणताही ठरावीक आकार न शोधणाऱ्या प्रणालीकडून, काही मिनिटांतच. ती तितकी ठळक होती. नमुन्यांनी नंतर खात्री दिली. हे लपवलं तर मुलांना वाटेल की आपण हवं तेच शोधलं आणि तेच सापडलं.

यालाच जोडून दोन यंत्रांचा मुद्दा येतो, आणि त्याची उपमा प्रत्येक घरात आहे. लाइट गेली की आपण आधी काय करतो? खिडकीतून शेजारी बघतो. शेजारीही अंधार असेल तर वरूनच गेली, नसेल तर आपलाच फ्यूज. अमेरिकेतली हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ही दोन केंद्रं सुमारे ३००० किलोमीटर दूर आहेत ती यासाठी. एका केंद्राजवळून ट्रक गेला, एकाकडे जमीन हलली, तर दुसऱ्याला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही केंद्रांना एकच आकार, एकमेकांपासून १० मिलिसेकंदांच्या आत दिसला तरच पुढे विचार. दहाच का, तर एवढ्या वेळात प्रकाश ते अंतर कापतो आणि गुरुत्वीय लहरही त्याच वेगाने जाते. २०१५ ची लहर लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी पोहोचली.

एक शब्द मात्र जपून वापरा: ‘आवाज’. ती लहर ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, आणि ही कंप्रता माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडते, म्हणून तिची ध्वनिफीत वाजवतात. जरूर वाजवा, मुलांना आवडते. पण वाजवण्याआधी म्हणा की हा आवाज नव्हे. तिथून इथवर हवाच नाही. मोजलेला आलेख आपण स्पीकरला जोडला आहे, इतकंच. नंतर सांगितलं तर उपयोग होत नाही, कारण तोवर ‘कृष्णविवरांचा आवाज’ डोक्यात बसलेला असतो.

शेजाऱ्याची उपमा ‘खरं की खोटं’ एवढंच सांगते, लहर कुठून आली ते सांगत नाही. त्यासाठी पुढच्या स्लाइडवर ढोल-ताशांची मिरवणूक आणा. आवाज आधी तुमच्या घरी ऐकू आला आणि थोड्या वेळाने तुमच्या मित्राच्या घरी, तर मिरवणूक तुमच्या बाजूला आहे एवढं कळतं. पण रस्त्याच्या डावीकडे की उजवीकडे, ते दोन घरांवरून ठरत नाही. २०१५ मध्ये असंच झालं. दोनच केंद्रं होती, त्यामुळे आकाशातला संभाव्य भाग सुमारे ६०० चौरस अंशांचा निघाला, म्हणजे तीन हजार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मांडावेत तेवढा. तिसरं घर हवं, आणि ते पहिल्या दोघांपासून जितकं लांब तितकं चांगलं, कारण वेळेतला फरक मोठा मिळतो. मग नकाशावर हिंगोली जिल्ह्यातलं औंढा दाखवा. लायगो-इंडियाची जागा तिथे आहे आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ‘अमेरिकेतच तिसरं का नाही बांधलं?’ हा प्रश्न तुम्ही विचारा आणि उत्तर मुलांना मिरवणुकीवरून काढू द्या.